आधी जमीन पुसा, मग आवाज काढा

नमस्कार. पत्रिकेवर विषय 'किआय' असा छापलाय आणि मी त्यावर बोलणारच आहे. पण मारताना काढलेला आवाज म्हणजे किआय, एवढंच सांगून मी खाली बसले तर तुम्ही इथवर आलात कशाला? हा आवाज निघायला पायाखाली एक विशिष्ट जमीन लागते आणि समोर एक विशिष्ट माणूस लागतो. म्हणून आधी दोजो, मग सेन्सेई आणि मग किआय. तुम्ही सगळे जपानी शिकताय, बरेच जण परीक्षेच्या तयारीत आहात, तेव्हा हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. सरावात त्यांचं काय होतं, तेवढं मी सांगते. उदाहरणं केंडोची देईन, कारण जपानात नोकरीला असताना मी तेच शिकले. बांबूची तलवार, डोक्यावर जाळीचा मुखवटा, हातमोजे, छातीला कवच आणि पाय मात्र अनवाणी.

पाय अनवाणी, इथूनच दोजो सुरू होतो. केंडोची जमीन लाकडी फळ्यांची असते. उजवा पाय पुढे, डावा मागे, डावी टाच किंचित उचललेली. पाऊल उचलून चालायचं नाही, घसरवत न्यायचं. डाव्या पायाच्या चवड्यावर शरीराचा सगळा जोर येतो आणि पहिल्या काही महिन्यांत तिथली कातडी सोलून निघते. त्यामुळे फळीला भेग पडली आहे का, कुठे कुसळ वर आलंय का, हे विद्यार्थ्यालाच बघावं लागतं, कारण ते कुसळ त्याच्याच पायात शिरणार असतं. घामाचा एक थेंब जमिनीवर राहिला तर मागून येणारा घसरतो.

म्हणून सरावाच्या आधी किंवा नंतर जमीन पुसतात, आणि ती सगळ्यांनी मिळून पुसायची असते. फडकं घट्ट पिळायचं, जमिनीवर पसरायचं, दोन्ही तळवे त्यावर टेकवायचे, कंबर वर उचलायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जायचं. करून बघा. दुसऱ्या फेरीत मांड्या पेटतात. फडकं जास्त ओलं राहिलं तर जमीन निसरडी होते आणि फळ्याही फुगतात. फार कोरडं असलं तर धूळ नुसती इकडची तिकडे होते. ज्याला फडकं पिळता येत नाही त्याला तलवारही धरता येत नाही, असं माझे शिक्षक म्हणत. ते खरंच आहे. केंडोत मूठ आवळताना दोन्ही हात आतल्या बाजूला वळवतात, ती पकड शिकवताना फडकं पिळायलाच सांगतात. आपल्या तालमीत माती खणून, ताक-तेल-हळद घालून, पायांनी तुडवून आखाडा तयार करतात ना, तसंच हे. तिथेही ते काम नव्या पोराला चुकत नाही.

ज्युदोच्या कोदोकान या शाळेची सुरुवात कशी झाली, तेही ऐका. १८८२ साली कानो जिगोरो यांनी तोक्योच्या एईशोजी नावाच्या बौद्ध देवळात जागा घेतली. चटया १२, म्हणजे जेमतेम एक मोठी खोली. माणसं आपटायची आणि जमिनीखालचे लाकडी आधार मोडायचे. कानो स्वतः जमिनीखाली शिरून ते दुरुस्त करत. हा माणूस तोक्यो विद्यापीठात शिकलेला, पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेला. पण ज्युदोच्या पहिल्या दिवसांत त्याच्या हातात सुतारकाम होतं. जाता जाता सांगते, दोजो हा शब्दही मुळात बौद्धांचाच. बुद्धाला जिथे बोध झाला त्या बोधिमंडासाठी चिनी भाषांतरकारांनी ही अक्षरं वापरली होती.

आता माझी तक्रार. मध्यंतरी भाच्याला आणायला मी एका कराटेच्या वर्गाला गेले होते. गाव आणि नाव सांगत नाही. जागा इमारतीच्या तळमजल्यावरची, खाली फरशी, तिच्याखाली काँक्रीट. जागेबद्दल माझं काही म्हणणं नाही, मिळेल तिथे शिकावं. पण मुलं चपला विस्कटून आत पळाली, फरशीवर खडी होती आणि ती कोणी झाडली नाही. शिक्षक खुर्चीवर बसून आकडे मोजत होते. प्रत्येक आकड्याला चाळीस मुलं एका सुरात ओरडत होती, आणि काय ओरडत होती? 'किआय!' हा शब्दच. वाढदिवसाला 'वाढदिवस!' असं कोणी ओरडतं का? दाराशी फलक होता, त्यावर शिक्षकांच्या नावाआधी 'सेन्सेई' छापलं होतं, आणि खाली दर तीन महिन्यांनी होणाऱ्या पट्ट्याच्या परीक्षेची फी. मला त्या मुलांचं वाईट वाटलं. ती मनापासून ओरडत होती हो. त्यांच्या त्या जोराचं कोणी काहीच करत नव्हतं.

फलकावरच्या शब्दाबद्दल तुम्हाला ठाऊकच आहे. सेन्सेई दुसऱ्याने म्हणायचं असतं. डॉक्टरला म्हणतात, वकिलाला म्हणतात, पण स्वतःची ओळख करून देताना कोणी स्वतःला सेन्सेई म्हणवत नाही. मला मात्र व्याकरणापेक्षा ते दोजोत काय करतात ते सांगायचंय. केंडोत रंगीत पट्टे नाहीत. सातव्या दान श्रेणीचा माणूस असो की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, कपडे तेच. आठव्या दानची परीक्षा द्यायला वय किमान ४६ लागतं आणि सातव्या दाननंतर १० वर्षं जावी लागतात. बसणाऱ्या शंभरांतला एखादाच उत्तीर्ण होतो. त्या माणसाच्या अंगावर त्याची काहीही खूण नसते.

मग तो ओळखायचा कसा? तर सरावात जो मार खातो, तो. याला मोतोदाची म्हणतात. विद्यार्थी योग्य अंतरावर आला की मोतोदाची आपल्या शिनाईचं, म्हणजे बांबूच्या तलवारीचं, टोक जरासं बाजूला करतो आणि स्वतःचं डोकं मोकळं ठेवतो. ही जागा लवकर उघडली तर विद्यार्थी आळशी होतो, कारण आयतीच मिळते. उशीर झाला तर त्याचा आवेग वाटेतच मोडतो. लांबून झेपावणाऱ्यासाठी तो अर्धं पाऊल पुढे येतो, जवळ घुसणाऱ्यासाठी मागे सरकतो. नवशिक्याचा मनगटावरचा वार चुकून हातमोज्याच्या वर, उघड्या कोपराजवळ बसतो. तिथे निळे डाग पडतात. माझे शिक्षक सत्तरीच्या पुढचे होते आणि त्यांच्या हातावर असे डाग कायम असत. त्यांतले काही माझ्या हातचे. एकदाही ते 'नीट मार' म्हणाले नाहीत; जागा पुन्हा उघडत, मी पुन्हा मारायची.

१९१२ साली ठरवलेल्या केंडोच्या कातांमध्ये, म्हणजे दोघांनी करायच्या ठरीव चालींमध्ये, तर हे लेखीच आहे. एकूण १० काता, ७ लांब तलवारीच्या आणि ३ आखूड. त्यांत गुरूची भूमिका उचिदाची, म्हणजे आधी वार करणारा. दहाच्या दहा वेळा हरतो तो. खरा वार करायचा, खऱ्या अंतरावरून, आणि शिष्याला जिंकू द्यायचं. वार खोटा असला तर शिष्याची चाल शिकून उपयोग नाही, आणि चेव आला तर शिष्य जखमी होतो. म्हणून ही बाजू अनुभवी माणसाकडेच देतात. सेन्सेई खुर्चीवर का बसू शकत नाही, ते आता सांगायला नको.

संयोजक दहा मिनिटं उरल्याची खूण करताहेत, आणि छापलेला विषय अजून बाकीच आहे! तर किआय.

केंडोत चार जागांवर वार करता येतो: मेन म्हणजे डोकं, कोते मनगट, दो बरगडी, त्सुकी गळा. मारताना त्या जागेचंच नाव घ्यायचं. मी मेनचा एकच वार घेते. डाव्या पायाने जमीन ढकलली, उजवा पाय जमिनीलगत पुढे गेला. पाऊल आपटलं, शिनाईचा पुढचा भाग जाळीच्या वर डोक्यावर बसला, तोंडातून 'मेन' निघालं. ही तिन्ही कामं एका क्षणात व्हायला हवीत. माझे शिक्षक कधीकधी डोळे मिटून ऐकत. पाय, बांबू आणि गळा असे तीन आवाज वेगवेगळे ऐकू आले की ते नुसती मान हलवत. सामन्यात तीन पंच असतात, दोघांचे झेंडे वर गेले तरच गुण. वार नेमका बसला पण त्यात आवाज नाही, तर झेंडा उठत नाही.

चूक कुठे होते ते आवाजच सांगतो. 'मेन' वारानंतर आलं तर समजा, विद्यार्थी आधी लागलंय का ते बघतोय आणि मग ओरडतोय. आखूड, तुटका 'मेन्' आला की शरीर तिथेच थबकतं; लांबवलेला 'मेऽऽऽन' माणसाला समोरच्याच्या बाजूने पुढे घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी घसा बसला तर आवाज नरड्यातून निघतोय. पोट आवळून श्वास बाहेर ढकलला तर घसा दुखत नाही. म्हणूनच किरिकाएशी नावाचा सराव आहे: समोरून एक मेन, मग डाव्या-उजव्या बाजूंना आलटून पालटून चार वार पुढे जाताना, पाच मागे येताना, शेवटी पुन्हा एक समोरून. मधले नऊ वार शक्यतो एका श्वासात. सहाव्या-सातव्या वाराला श्वास संपतो, खांदे वर येतात, वार हलके पडतात. श्वास आत घेताना माणूस कमकुवत असतो आणि समोरचा नेमकी त्याच क्षणाची वाट बघत असतो, म्हणून हे घोटवून घेतात.

वार झाल्यावरही काम उरतं. पुढे निघून जायचं, वळायचं, शिनाई पुन्हा समोर धरायची. याला झांशिन म्हणतात. वळून आनंदाने मूठ उंचावली तर पंच दिलेला गुण परत घेऊ शकतात.

तुमच्यातल्या कराटेवाल्यांसाठी एवढंच. शोतोकानच्या हेइआन शोदान या कातात किआय दोनच जागी आहे: जाताना तिसऱ्या वरच्या अडवणुकीला आणि येताना तिसऱ्या ठोशाला. बाकीच्या चालींना तोंड बंद ठेवा, श्वास चालू ठेवा. आणि त्या दोन जागी ठोसा किंवा हात थांबतो तेव्हाच आवाज थांबतोय का, ते शेजारच्याला डोळे मिटून ऐकायला सांगा. प्रश्न असतील तर विचारा, पाचेक मिनिटं आहेत.