सर्व्हे मीटरची पडताळणी : सीलबंद स्रोत, पार्श्वभूमी आणि डेड टाइम

(दृश्य : टेबलावर सर्व्हे मीटर, अ‍ॅक्रिलिकचा साचा आणि त्यात बसणारी नाण्याएवढी चकती.)

वेल्डिंगचे जोड तपासण्यासाठी इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत असलेला रेडिओग्राफी कॅमेरा वापरला जातो. प्रत्येक छायाचित्रणानंतर स्रोत केबलने पुन्हा कॅमेऱ्यात ओढून घेतात आणि तो खरोखर आत परतला आहे की नाही, हे पाहण्यासाठी रेडिओग्राफर हातात किरणोत्सार मोजणारे सर्व्हे मीटर धरून कॅमेऱ्याकडे चालत जातो. त्या क्षणी तो मुख्यतः मीटरच्या आकड्यावर विसंबून असतो, म्हणून काम सुरू होण्यापूर्वी मीटरची पडताळणी केली जाते.

आपल्यासमोरचे मीटर गायगर-म्युलर नळीवर चालते; नळीत नोंदवल्या गेलेल्या प्रत्येक किरणामागे एक विद्युत स्पंद निघतो आणि असा प्रत्येक मोजलेला स्पंद म्हणजे एक काउंट. चकतीत सीझियम-१३७ सीलबंद केलेले असून त्याची क्रियाशीलता काही शे किलोबेकरेल आहे. आधी बॅटरी पाहिली जाते, त्यानंतर नळीवरचे बीटा-झाकण बंद आहे याची खात्री केली जाते. सीझियमपासून बीटा कणही निघतात आणि झाकण उघडे राहिले, तर आकडा इतका वाढतो की जुन्या नोंदीशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. अंतरालाही तेवढेच महत्त्व आहे. नळी आणि चकती यांच्यात २ सेंटिमीटर अंतर असताना चकती केवळ १ मिलिमीटर मागे सरकली, तरी काउंट सुमारे १० टक्क्यांनी घटतात. चकती हाताने धरून केलेली पडताळणी ग्राह्य मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; साचा त्यासाठीच असतो.

(दृश्य : चकती शिशाच्या डबीत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मीटर मोजत आहे.)

पहिले मोजमाप स्रोताशिवाय होते. वैश्विक किरण, भिंतींमधील पोटॅशियम-४० आणि हवेतील रेडॉन यांमुळे मीटर कधीच शून्यावर राहत नाही. येथे १० मिनिटांत ३०० काउंट मिळाले, म्हणजे पार्श्वभूमी मिनिटाला ३० काउंट एवढी आहे. किरणोत्सारी ऱ्हास यदृच्छेने घडत असल्यामुळे कोणत्याही मोजणीतील अनिश्चितता ही एकूण काउंटच्या वर्गमुळाएवढी असते. ३०० चे वर्गमूळ सुमारे १७, म्हणून मिनिटाच्या दरात जवळपास २ काउंटची चूक संभवते. हेच मोजमाप एका मिनिटात उरकले असते, तर ती ५ ते ६ काउंटवर गेली असती.

आता चकती साच्यात बसवली आहे. ५ मिनिटांत ६१५० काउंट झाले, म्हणजे मिनिटाला १२३०. त्यातून पार्श्वभूमीचे ३० वजा केल्यावर १२०० हा निव्वळ दर उरतो आणि त्याची अनिश्चितता सुमारे १६ आहे. तीन वर्षांपूर्वी, कॅलिब्रेशननंतर लगेच, याच साच्यात याच चकतीने निव्वळ १२९० दिले होते. आकडे जुळत नाहीत असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु सीझियमचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे असल्याने तीन वर्षांत स्रोतच जवळपास ७ टक्क्यांनी क्षीण झाला आहे आणि अपेक्षित दर १२०४ येतो. मोजलेला दर त्याच्याशी अनिश्चिततेच्या आत जुळतो. मीटर पडताळणीत उतरले.

मात्र ही पडताळणी नेमके काय सिद्ध करते, हे पाहिले पाहिजे. मिनिटाला १२३० म्हणजे सेकंदाला जेमतेम २० काउंट. कॅमेऱ्यातील इरिडियमची क्रियाशीलता टेराबेकरेलमध्ये मोजली जाते, म्हणजे या चकतीच्या कोटी पटींच्या आसपास. तो स्रोत बाहेर राहिला असेल, तेव्हा मीटर कसे वागेल, याबद्दल चकती काहीच सांगत नाही.

(दृश्य : नळीचा छेद. मधोमध धनाग्राची तार, तिच्याभोवती धन आयनांचे आवरण.)

नळीत एक स्पंद निर्माण झाला की तारेभोवती धन आयनांचे आवरण तयार होते. हे आयन जड असल्यामुळे सावकाश बाहेर सरकतात, आणि ते पुरेसे दूर जाईपर्यंत तारेजवळील विद्युतक्षेत्र दुबळे राहते. या काळात आत आलेला किरण नोंदवला जात नाही. हाच डेड टाइम. आपल्या मीटरमध्ये तो १०० मायक्रोसेकंद आहे. मोजलेला दर m, खरा दर n आणि डेड टाइम τ असेल, तर :

n = m / (1 − mτ)

सेकंदाला २० काउंट असताना हानी ०.२ टक्के आहे, ती सोडून देता येते. मीटर २००० दाखवत असेल, तर खरा दर २५०० असतो. ५००० दाखवत असेल, तर खरा दर १०,००० असतो, म्हणजे निम्मे काउंट हरवलेले असतात. ९००० दाखवताना खरा दर ९०,००० निघतो खरा, पण डेड टाइम १०० ऐवजी ११० मायक्रोसेकंद धरला, तर तेच सूत्र ९ लाख देते. दुरुस्ती एवढी मोठी झाली की सूत्रावर विसंबता येत नाही.

डेड टाइम प्रयोगशाळेत दोन स्रोतांनी मोजतात. पहिला स्रोत एकटा ठेवला असता सेकंदाला १००० काउंट आले, दुसरा एकटा ठेवला असता तेवढेच आले. दोन्ही एकत्र, जागा न हलवता, ठेवल्यावर २००० ऐवजी १८१८ आले. १०० मायक्रोसेकंद धरून दुरुस्ती केली, तर प्रत्येकी ११११ आणि एकत्रित २२२२ मिळतात आणि बेरीज जुळते.

पार्श्वभूमी वजा करण्याचा क्रमही येथेच ठरतो. समजा, जवळपास आणखी एखादा स्रोत असल्यामुळे पार्श्वभूमीच सेकंदाला ४०० आहे आणि एकूण दर २००० आहे. आधी दोन्ही दर दुरुस्त करून मग वजाबाकी केल्यास २०८३ येतात. आधी वजाबाकी करून १६०० ची दुरुस्ती केल्यास १९०५ येतात. नळीला किरण कोणत्या स्रोताचा आहे हे कळत नसल्याने पार्श्वभूमीचे काउंटही तिचा वेळ व्यापतात, म्हणून पहिलाच क्रम बरोबर आहे.

(दृश्य : आलेख. दर वाढत जातो, सपाट होतो, मग खाली वळतो.)

वरील सूत्रानुसार आकडा १०,००० च्या जवळ थांबायला हवा. प्रत्यक्षात नळी सावरण्याआधीच आलेले किरण लहान स्पंद निर्माण करतात. हे स्पंद मोजणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाहीत, मात्र नळीला सावरूही देत नाहीत. त्यामुळे अतितीव्र क्षेत्रात आकडा उलट घसरू लागतो आणि संरक्षक मंडल नसलेल्या मीटरमध्ये तो शून्याजवळही जाऊ शकतो. रेडिओग्राफरसाठी सर्वांत घातक स्थिती हीच, कारण स्रोत बाहेर असतानाही काटा खाली असतो.

ती ओळखण्याची रीत चालण्याच्या पद्धतीत आहे. मीटर कॅमेऱ्याजवळ नेऊन सुरू करू नये. दुरूनच सुरू करून आकडा पाहत पुढे जावे. पुढे जाताना वाढणारा आकडा अचानक पडला आणि मागे सरकल्यावर पुन्हा वाढला, तर मीटर संपृक्त झाले आहे आणि स्रोत बाहेर आहे, असेच समजून मागे फिरावे. अशा क्षेत्रात मोजमाप करायचेच असेल, तर आयनीभवन कक्षावर चालणारे उपकरण वापरावे, कारण ते स्पंद न मोजता विद्युतप्रवाह मोजते.

तीव्र क्षेत्रात आकडा घसरतो की नाही, ही चाचणी कॅलिब्रेशन प्रयोगशाळेतच होऊ शकते. म्हणून नोंदवहीत निव्वळ १२०० या आकड्याशेजारी तारीख, साचा आणि झाकणाची स्थिती लिहिली जाते, आणि प्रमाणपत्रात मीटर कोणत्या मात्रा-दरापर्यंत तपासले आहे, ती मर्यादाही त्याच ओळीत उतरवून घेतली जाते.