ट्यूब फुटली? केरसुणी खाली ठेवा!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "घरात जुने सेल, बंद ट्यूब आणि तारीख उलटलेली औषधं साठलीत, कुठे टाकू?" 2016 च्या घनकचरा नियमांनी या तिन्हींना घरगुती घातक कचरा म्हटलं. म्हणजे ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही, हे वेगळं द्यायचं.

सेल आणि औषधांचं पटकन सांगते, कारण आज मला ट्यूबवर थांबायचंय.

संपलेला सेल पूर्ण मेलेला नसतो. विशेषतः तो चौकोनी नऊ व्होल्टचा. त्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, डब्यात किल्ली किंवा दुसरा सेल टेकला की तापतो आणि आगसुद्धा लागू शकते. म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावा, मगच प्लास्टिकच्या डब्यात टाका. बटन सेल तर मुलांच्या हाताला लागता कामा नये. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल.

औषधं मोरीत ओतू नका. अँटिबायोटिक सांडपाण्यात गेलं की तिथल्या जंतूंना त्याची सवय लागते. अपवाद आहे: केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली, त्यात ट्रामाडोल, मॉर्फिन, डायझेपाम आहेत. ती चुकून कुणी घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती फ्लश करायला सांगितलीत. बाकीची औषधं घातक कचऱ्यात द्या. तशी सोय नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापावडरीत कालवा, पिशवीची गाठ मारा आणि रिकामी पट्टी कापून टाका.

आता ट्यूब. चार फुटी, जुन्या पद्धतीची, टोकं काळवंडलेली. काढताना आधी मेन स्विच बंद, दोन्ही हातांनी पाव फेरा फिरवून खाली ओढा आणि नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सरकवून ठेवा. एवढं सोपं. पण हातातून निसटली आणि फटकन फुटली, की आपण काय करतो? केरसुणी आणतो!

नका आणू. आत पांढरी पूड असते, त्या पुडीत पारा मुरलेला असतो. काही मिलिग्रॅमच, पण नेहमीच्या तापमानालाच त्याची वाफ होते. केरसुणीने तुम्ही पूड उडवता आणि फरशीच्या सांध्यात ढकलता.

कमेंटमध्ये एका ताईंनी लिहिलंय, "मी हळू झाडते, काही उडत नाही." ताई, केरसुणीच्या काड्यांमध्ये ती पूड अडकते. उद्या त्याच केरसुणीने तुम्ही स्वयंपाकघर झाडणार! व्हॅक्युम क्लीनर तर आणखी वाईट, तो आत ओढलेली वाफ मागून खोलीभर सोडतो.

आणि तिसरी गोष्ट, जमिनीवर कोण असतं? रांगणारं बाळ. त्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर.

मग करायचं काय? पंखा आणि एसी बंद. मुलं, मांजर बाहेर. खिडक्या उघडा, घराच्या आतल्या बाजूचं दार लावा आणि दहा-पंधरा मिनिटं तिकडे फिरकू नका. मग रबरी हातमोजे घाला. घरात पडलेल्या दोन जुन्या लग्नपत्रिका घ्या, त्या जाड असतात. एक फरशीला टेकवून धरा, दुसरीने काचेचे मोठे तुकडे तिच्यावर सरकवा. उरलेल्या पुडीवर ब्राऊन टेप चिकट बाजूने दाबून उचला. ओढायची नाही, दाबायची. शेवटी ओल्या कागदाने पुसा. काच, पत्रिका, टेप, कागद, हातमोजे, सगळं काचेच्या बरणीत घालून घट्ट झाकण लावा. लोणच्याची रिकामी बरणी उत्तम. तुकडे मावत नसतील तर दुसरी बरणी घ्या, तुकडे आणखी फोडू नका. साबणाने हात धुवा, खिडकी काही तास उघडीच ठेवा.

काचेची पूड चादरीवर पडली असेल तर चादर मशीनमध्ये टाकू नका. तीही बांधून याच कचऱ्यात.

"एलईडी ट्यूब फुटली तर?" असंही बरेच जण विचारतात. तिच्यात पारा नसतो. हातमोजे घालून उचला आणि ई-कचऱ्यात द्या.

आणि जुनी ट्यूब भंगारवाल्याला देऊ नका. तो टोपीच्या ॲल्युमिनियमसाठी ती फोडतो, आणि ती वाफ त्याच्या नाकात जाते. बरणीवर कागद चिकटवा, "फुटलेली ट्यूब, पारा" असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि तुमच्या महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या गाडीवर किंवा संकलन केंद्रात द्या. गाडी येईपर्यंत ती बाल्कनीत, सावलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.