तिसऱ्या कपात निळं

तुमच्यापैकी बहुतेकांच्या वहीत एकच आकडा असतो: विहिरीचं पाणी निर्जंतुक करायला हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आकडा खोटा नाही, पण तो स्वच्छ पाण्याचा आणि ताज्या पावडरीचा आहे. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरलं की क्लोरीन आधी त्यातल्या कुजक्या पाल्यावर, अमोनियावर, लोहावर खर्च होतं. ही झाली पाण्याची क्लोरीनची मागणी. ती भागून जे उरतं, त्यालाच आपण शेष क्लोरीन म्हणतो, आणि राखणीला तेच असतं.

ही मागणी डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी हॉरॉक्सची पेटी काढायची. काळ्या कपात दोन ग्रॅम पावडर कालवून कप खुणेपर्यंत पाण्याने भरायचा आणि निवळू द्यायचा. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घ्यायचं. पहिल्यात निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग येतो, त्याच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे ४५५ लिटरला लागणारे ग्रॅम. पावडर विहिरीत टाकणार त्याच पिशवीतली घ्या, म्हणजे ती जुनी, दमट असली तरी तिचा कमकुवतपणा हिशोबात आपोआप येतो.

आता विहीर धरू: व्यास चार मीटर, पाणी तीन मीटर. ३.१४ गुणिले १६ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सुमारे ३७.७ घनमीटर; हजाराने गुणलं की ३७,७०० लिटर. तिसरा कप निळा झाला, तर ४५५ लिटरला सहा ग्रॅम, एकूण जवळपास ५०० ग्रॅम. वहीतल्या आकड्याने तुम्ही ९५ ग्रॅमच्या आतच टाकले असते!

हे ५०० ग्रॅम थेट विहिरीत उधळू नका. बादलीला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नको. आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा, पाचदहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणीच विहिरीत सोडून बादलीने खालवर घुसळा. तळाचा चुना फेकून द्या, तो पाणी जड करतो.

तासाभराने ओटी चाचणी, म्हणजे नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिन टाकून शेष क्लोरीन बघायचं. विहिरीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम शेष दिसायला हवं. पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा, तो मुक्त क्लोरीनचा. बोलत उभे राहिलात आणि पाव तासाने पाहिलंत, तर अमोनियाशी जोडलेलं क्लोरीनही रंग दाखवतं. ते मुक्त क्लोरीनपेक्षा फार दुबळं, पण नळीत दोघांचं पिवळं सारखंच. पाण्यात लोह किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही पिवळं दिसू शकतं. म्हणून शंका आली की पावडर टाकण्याआधीच्या पाण्यावर एकदा ओटी करून बघा. तिथेही पिवळं आलं, तर तो रंग क्लोरीनचा नव्हे.