परदेशातलं एमबीबीएस : फीच्या आधी परवाना पाहा

नमस्कार श्रोतेहो. नीटचा निकाल लागला की एजंटांचे फोन सुरू होतात. 'पंचवीस लाखांत डॉक्टर, कॉलेज एनएमसी मान्यताप्राप्त.' या वाक्यातला दुसरा भाग आधी बाजूला काढा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशातल्या कुठल्याही कॉलेजला मान्यता देत नाही. आयोगाने २०२१ मध्ये काही अटी घातल्या आहेत. त्यांत तुमची पदवी बसली, तरच तुम्हाला भारतात परत येऊन परवान्याच्या परीक्षेला बसता येतं.

शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि इंग्रजी माध्यमातून हवं. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. अर्ध्यातून दुसऱ्या देशातल्या कॉलेजात बदली करून घेतलेली चालत नाही. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित अट ही, की त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकासारखाच डॉक्टरकीचा परवाना मिळायला हवा. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी, छोटी तुकडी चालवतात. तिथे ही अट अडते, आणि ते कळतं पदवी हातात पडल्यावर. नीट पात्र होणं तर जाण्याआधीच बंधनकारक आहे.

आता पैशाचा हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, पण हिशेब कसा करायचा ते कळेल. समजा, परदेशात फी वर्षाला ४ लाख. सहा वर्षांचे २४. राहणं, जेवण, व्हिसा, विमानभाडं धरून वर्षाला २ लाख, म्हणजे आणखी १२. परत आल्यावर परवान्याच्या परीक्षेसाठी क्लास आणि मोठ्या शहरात राहणं, निदान २ लाख. एकूण ३८. पंचवीस लाख कुठल्या कुठे राहिले.

आता महाराष्ट्रातलं खाजगी कॉलेज घ्या. राज्य कोट्यातली जागा, फी वर्षाला ९ लाख धरू. साडेचार वर्षांचे साधारण ४० लाख, वर हॉस्टेल-मेस ८ लाख. एकूण ४८. पण कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलतं. मग खर्च २८ लाखांवर येतो. राखीव प्रवर्गांसाठी याहून मोठ्या सवलती आहेत. म्हणजे स्वस्त जागा घराजवळ असू शकते, आणि सीईटी सेलच्या शेवटच्या फेरीआधीच घाबरून परदेशाचा आगाऊ हप्ता भरणारे पालक ती गमावतात. मला याचं फार वाईट वाटतं. मात्र गुण कमी असतील आणि समोर फक्त मॅनेजमेंट कोटा किंवा वर्षाला वीस-बावीस लाखांचं अभिमत विद्यापीठ उरलं असेल, तर परदेशाचा विचार रास्त आहे.

पण त्या ३८ लाखांत परीक्षा पास झाल्याची खात्री नाही. परवान्याची ही परीक्षा, म्हणजे एफएमजीई, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी जून २०२५ च्या सत्रात पास झालेल्यांचं प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी होतं. कारण प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपात दिसतं. जवळपास २०० प्रश्न क्लिनिकल विषयांचे असतात, त्यांतले तीसएक जनआरोग्याचे : आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, आपला क्षयरोग कार्यक्रम. परदेशातल्या वॉर्डात रुग्ण स्थानिक भाषेत बोलतो. मुलाला ती येत नसेल, तर तो सहा वर्षं रुग्णाची हकिगत स्वतः न विचारता, डॉक्टरांच्या मागे उभा राहून काढतो. मग प्रश्नात 'पंचेचाळीस वर्षांचा माणूस, छातीत दुखतंय' असं आलं की पुस्तक आठवतं, रुग्ण आठवत नाही. पास झाल्यावरही भारतात पुन्हा एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागते. म्हणजे सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी इथल्यापेक्षा दीड-दोन वर्षं जास्त.

म्हणून एजंटाकडे जाण्याआधी परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने काढलेले एफएमजीईचे संस्थावार निकाल बघा. तुमच्या कॉलेजचे किती बसले आणि किती पास झाले, ते त्यात शोधा. दोन-तीन वर्षांचे बघा, कारण दहाच मुलं बसलेली असतील तर एका वर्षाचा टक्का फसवा असतो. त्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मराठी मुलाशी बोला आणि 'गेल्या आठवड्यात किती रुग्ण स्वतः तपासलेस?' एवढंच विचारा. आणि एजंटाला विद्यापीठाच्या लेटरहेडवर तीन गोष्टी लिहून मागा : अभ्यासक्रमाचे महिने, शिकवण्याचं माध्यम, आणि पदवीनंतर त्या देशात परवाना मिळतो की नाही. तिसऱ्या ओळीला टाळाटाळ झाली, तर पैसे भरू नका.