बिघाड डोक्यात, औषध जुलाबाचं

“बिघाड डोक्यात आसा, मगे औषध जुलाबाचा कित्याक?” देवगडकडच्या एका वहिनींनी मला असं थेट विचारलं होतं. त्यांच्या यजमानांना सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाण्याचा आजार. रात्रभर टक्क जागे, दिवसा झोप. सदऱ्याचं बटण लावता येईना. हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडायचे.

वहिनींचा प्रश्न रास्तच होता. आतड्यातले जिवाणू प्रथिनं फोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो. धडधाकट यकृत त्याचा युरिया करून टाकतं. सिरॉसिसमध्ये ते जमत नाही, शिवाय बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून जातं, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो.

ते जुलाबाचं औषध म्हणजे लॅक्ट्युलोज, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज जोडून केलेली साखर. ती तोडणारं विकर आपल्याकडे नाही, म्हणून ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ती आंबवतात. आंबोळीचं पीठ रात्रीतून आंबट होतं आणि फुगतं ना, तसंच. (पोट फुगतं, वारा सरतो, ही तक्रार त्यामुळेच.) या आंबटपणात अमोनियाला हायड्रोजनचा भारित कण चिकटतो आणि त्याचा अमोनियम होतो. अमोनिया आतड्याच्या अस्तरातून सहज रक्तात शिरतो, पण भारित अमोनियमला ती वाट जवळपास बंदच. तो आतच अडकतो. त्याच वेळी न शोषलेली साखर आणि आम्लं आतड्यात पाणी ओढून घेतात, मल सैल होतो आणि अडकलेला माल बाहेर पडतो.

यजमानांना दिवसाला 2 ते 3 मऊ शौच होतील इतकं सिरप ठरवून दिलं. महिनाभर छान चाललं. मग रत्नागिरीला लग्न निघालं. एसटीत पंचाईत नको म्हणून त्यांनी दोन दिवस औषधच घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी घरच्यांची नावं आठवेनात.

पुढची चूक मुलाची. धसका घेऊन त्याने डोस दुप्पट केला. मे महिना, घामाच्या धारा, त्यात दिवसाला आठ-नऊ जुलाब. माणूस पुन्हा गुंगीत! मुलाला वाटलं, औषध अजून कमी पडतंय. तपासलं तर जीभ कोरडी, रक्तात सोडियम चढलेलं, पोटॅशियम उतरलेलं. पोटॅशियम उतरलं की मूत्रपिंडं स्वतःच जास्त अमोनिया बनवतात. म्हणजे औषध कमी पडलं तरी गुंगी, जास्त झालं तरी गुंगी. बाहेरून चित्र सारखंच दिसतं; फरक शौचाच्या आकड्यात.

तेव्हापासून वहिनी कॅलेंडरवर रेघा मारतात. दिवसभरात एकच रेघ दिसली तर एक मात्रा वाढवायची, चार दिसल्या तर एक कमी करायची, एवढं त्यांना लिहून दिलंय. पण रेघा बरोबर असून माणूस बरळायला लागला, ताप आला, किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर घरी मात्रा कमी-जास्त करत बसायचं नाही. आत जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव असू शकतो. सरळ गाडी काढून दवाखाना गाठायचा.