जोंधळ्याच्या लाहीचं नाव

(दृश्य: चूल, कढई, उडणाऱ्या लाह्या)

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे अंगण. काल संध्याकाळी ज्वारीवर कढत पाणी शिंपडून ती फडक्यात बांधून ठेवली होती. आता तापलेल्या कढईत एकेक मूठ टाकायची आणि कापडाच्या बोळ्यानं फिरवत राहायची. तडतड सुरू झाली की लाही कढईबाहेर उडते. जो दाणा फुटला नाही तो गणंग, चाळणीनं वेगळा काढायचा. नागपंचमीला घरोघरी होणारी हीच लाही. बचत गटातल्या बायकांनी तिला शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता आणि लाल तिखटाची फोडणी दिली आणि चिवडा आठवडी बाजारात नेला.

(दृश्य: साध्या पिशव्या, त्यावर पेननं लिहिलेलं ‘ज्वारी चिवडा’)

चिवडा खपतो. पण शेजारी बसणाऱ्याच्या पिशवीवरही ‘ज्वारी चिवडा’च लिहिलेलं असतं आणि त्याला कुणी अडवू शकत नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या नवव्या कलमानुसार, वस्तू काय आहे किंवा कशी आहे एवढंच सांगणारा शब्द सहसा एकट्याच्या मालकीचा होत नाही. ज्वारी, खमंग, कुरकुरीत हे शब्द सगळ्यांचेच. गटाला स्वतःचं नाव हवं होतं. ते बाहेरून विकत आणण्याऐवजी आपल्याच बोलीत शोधायचं, हा निर्णय बायकांनी घेतला. आमच्या मते या सगळ्या कामातला तोच सर्वांत मोलाचा निर्णय.

(दृश्य: शाळेच्या ओट्यावरचा फळा, खडूनं लिहिलेली नावं)

आधी फक्त गोळा करायचं, खोडायचं नाही, असा नियम ठरला. लाह्या फोडताना, दळताना, मोंढ्यात जे शब्द तोंडी येतात ते सगळे फळ्यावर आले. ज्वारीच्या जातींवरून दगडी आणि मोती. दाण्याच्या रूपावरून टपोरा. लाही फुलते म्हणून फुलोरा. कणसावरून कणसुली. आणि आजीच्या तोंडचा जोंधळा.

मग खोडायला सुरुवात झाली. ‘दगडी’ पहिल्याच फेरीत गेली. जुन्या रब्बी ज्वारीचं हे मानाचं नाव, पण चिवड्याच्या पिशवीवर ते वाचून गिऱ्हाईक आधी दाताचा विचार करणार. ‘मोती’ मात्र सगळ्यांना आवडलं होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ या वाणामुळे ते ओळखीचंही होतं. गटातल्या एका ताईच्या मुलीनं ते मोबाइलवर टाइप केलं: Moti. इंग्रजी अक्षरांत त आणि ट एकच दिसतात. हिंदी वाचणारा ते ‘मोटी’ वाचेल, आणि खायच्या वस्तूवर ते कुणालाच नको होतं. शिवाय पिशवीत त्याच वाणाची ज्वारी आहे असा समज झाला असता, आणि मोंढ्यातून येणारी ज्वारी दरवेळी त्याच वाणाची नसते.

“टपोरा कामून नको?” असं एका काकूंनी विचारलं. मराठीत टपोरा दाणा म्हणजे भरलेला, चांगला दाणा. पण नांदेडच्या बसस्थानकावर पिशवी घेणारा तरुण हिंदी सिनेमातला ‘टपोरी’ ऐकतो. काकूंना हे पटायला वेळ लागला. दोन्ही अर्थ खरे होते, आणि त्यातला कुठला आधी ऐकू येईल हे गिऱ्हाइकाच्या हातात होतं.

‘फुलोऱ्या’ची अडचण वेगळी. नवरात्रात देवीच्या घटावर टांगतात तो फुलोरा. लसूण-तिखटाच्या चिवड्याला ते नाव द्यायला घरातल्या मोठ्या बायका तयार झाल्या नाहीत, आणि हे मत टाळून पुढं जाणं योग्यही नव्हतं. हिंदीत फुलौरी म्हणजे भजी, हे नंतर कळलं. ‘कणसुली’ इंग्रजीत Kansuli झाली आणि तिच्यातला ण गळाला. मोठ्यानं वाचल्यावर पोरांनी ‘कानसुलात’ म्हणत गालावर हात ठेवला.

(दृश्य: दोन मोबाइल, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फोन)

इथे दिसते आहे ती फोनची चाचणी. एकीनं नाव फक्त उच्चारायचं, पलीकडच्या बाईनं ऐकून मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं. मदत करायची नाही, अक्षरं सांगायची नाहीत. ‘जोंधळा’ इथे अडकला. त्यातला ज ‘जावई’तला, ‘जीव’मधला नव्हे. ळ इंग्रजीत लिहिताच येत नाही. कुणी Jondhala लिहिलं, कुणी Jondhla, तर एकीनं z नं सुरुवात केली. पॅकेटवर सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावा लागतो, मराठी त्याच्या जोडीला चालते. त्यामुळे मराठी न वाचणाऱ्याच्या हातातही ही पिशवी जाणार, हे धरूनच चालायचं होतं. तरी जोंधळा सोडायचा नव्हता. मग ळ काढून तो लहान केला: जोंधू. अंगणातल्या पोरांनी लगेच यमक जुळवलं, जोंधू-भोंदू. भोंदू म्हणजे फसवणारा. हे नाव तिथंच संपलं. पोरांना ऐकवल्याशिवाय नाव पक्कं करू नये, असं आता गटात सगळ्याच सांगतात.

(दृश्य: फळ्यावर शेवटचं नाव, त्याच्याभोवती गोल)

‘जोंधाई’ हे त्यातूनच निघालं. जोंधळ्यातला ‘जोंध’ आणि शेवटी आई. ळ नाही, ण नाही. ज कुठल्याही पद्धतीनं म्हटला तरी शब्द बिघडत नाही. देगलूरकडच्या तेलुगू बोलणाऱ्या एका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे ज्वारीला जोन्नलु म्हणतात, तुमचं नाव त्याच घरातलं वाटतं. तेलंगणाच्या सीमेवर माल विकायचा तर ही ओळख उपयोगाची. फोनवर काहींनी Jondhai लिहिलं, काहींनी h सोडून Jondai. हा दोष राहिलाच. म्हणून पिशवीवर देवनागरी मोठं, इंग्रजी खाली, असं ठरलं.

(दृश्य: पडद्यावर ट्रेडमार्क शोधाचं पान)

पुढचं काम संगणकावरचं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. Wordmark मध्ये लिहिलेलं नाव शोधायचं आणि Phonetic मध्ये कानाला तसं वाटणारं. नोंदणीला हरकत फक्त हुबेहूब नावावर येत नाही, मिळत्याजुळत्या उच्चारावरही येते, त्यामुळे दुसरा शोध चुकवायचा नाही. दोन्ही स्पेलिंग टाकून पाहिली. ट्रेडमार्कसाठी वस्तूंचे वर्ग पाडलेले असतात. त्यातला 30 निवडला, कारण धान्याचा चिवडा त्यात बसतो. खारे शेंगदाणे वर्ग 29 मध्ये जातात, ते विकायचे असतील तर त्या वर्गाची फी वेगळी. व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे 4,500 रुपये, इतरांना 9,000. लघुउद्योगाची सवलत घ्यायला गटानं आधी उद्यम प्रमाणपत्र काढलं.

अर्ज गेला. तो तपासला जाईल, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जाईल, आणि त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येईल. नोंदणी झाली तर अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं चालेल आणि पुढे नूतनीकरण करता येईल. तोवर पिशवीवर नावाशेजारी टीएम छापता येतं. गोलातला आर नोंदणीनंतरच.

नव्या पिशव्यांचा माल सेलूच्या दोन दुकानांत गेला आहे आणि दुकानदार नाव घेऊन पुन्हा मागवतात. खाऱ्या शेंगदाण्यांचा अर्ज गट दिवाळीनंतर करणार आहे, वर्ग 29 मध्ये, याच नावानं.