२५ ग्रॅमची परीक्षा

रायगडचा किनारा. खाडीच्या काठी कातकऱ्यांची वाडी. माणसं वीटभट्टीवरून नुकतीच परतलीत आणि अंगणवाडीच्या ओट्यावर ताई मुलांचे दंड मोजतायत.

आजच्या मुलांमध्ये दोन चुलत भावंडं आहेत. दोघांचाही दंडघेर ११.२ सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ च्या खाली गेला की ते ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित. पट्टीच्या लेखी दोघं सारखीच. तरी बहीण वाडीतच बरी होईल आणि भावाला आजच रुग्णालयात न्यावं लागेल. हे ठरतं भुकेवर.

भूक तपासायला वाटीत भाजलेले शेंगदाणे, दूध पावडर, साखर आणि तेल एकत्र मळलेलं. मुलांनी दोन तास काही खाल्लेलं नाही. वजन ४ ते ७ किलोंमधलं, म्हणून किमान २५ ग्रॅम पोटात जायला हवं. आई हात धुऊन मांडीवर घेते, भरवते, मध्ये पाणी पाजते. कोंबायचं मात्र नाही. कोंबलं तर भूक कळणार कशी?

मुलगी वाटी चाटूनपुसून मोकळी होते. ताप नाही, उलट्या नाहीत. तिचा आहार आणि औषध गावातल्या बालविकास केंद्रातच. दर आठवड्याला वजन, आणि ते वाढलं नाही तर पुन्हा तपासणी.

मुलगा १४ महिन्यांचा, ६ किलोंचा. बोट तोंडाशी नेलं की मान फिरवतो.

‘लई गुणी हाय, रडत नाय,’ आई सांगते.

ताईंना नेमकं हेच खटकतं. त्याचे तळपाय थंडगार आहेत. इतक्या खंगलेल्या शरीरात जंतुसंसर्ग असूनही अनेकदा ताप चढत नाही. भूक मेलेली असणं हीच कधीकधी एकमेव खूण असते.

सततच्या उलट्या, छाती आत ओढणारा श्वास, ग्लानी, रक्त फारच कमी, यातलं एक असलं तरी दाखल करायचं. सूज पायांवरून चेहऱ्यापर्यंत चढली असेल, तर मूल खात असलं तरी दाखल करायचं. घरी सांभाळायला कुणी नसेल तरीही दाखल करता येतं. हे पुष्कळ आयांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईही मुलासोबत राहते. तिला वाटतं, आता पोटभर खायला घालतील. पण पहिले काही दिवस फक्त पातळ दूध, दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर, रात्रीसुद्धा. एकदम जास्त दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदयावर ताण येतो. आई घड्याळाकडे बघत जागी राहते, पेला पुढे करते, तो दोन घोट घेऊन थांबतो.

चौथ्या दिवशी पहाटे पेला रिकामा झाला, तरी त्यानं तो सोडला नाही. आई परिचारिकेला हाक मारायला उठली.